तोच कागद दुसऱ्याला दाखवला, तर उत्तरही तेच येतं

*माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीत पीएसए ६.८ आला म्हणून एमआरआय आणि मग बायोप्सी झाली. बारा तुकड्यांपैकी दोनांत कॅन्सर निघाला, अहवालात ‘ग्लीसन ३+४’ लिहिलंय. सर्जन म्हणतात, तीन आठवड्यांत प्रोस्टेट काढून टाकू. आमच्या पॉलिसीत व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला कितीही वेळा मोफत आहे आणि वर्षातून एकदा सेकंड ओपिनियनही आहे. मी अ‍ॅपवर डॉक्टर गाठले, अहवालाचा फोटो पाठवला. चार मिनिटांत ते म्हणाले, ‘सर्जन सांगतात तर करून टाका.’ हेच सेकंड ओपिनियन का? वेगळं असेल तर ते कसं घ्यायचं? त्यांनी ‘नको’ म्हटलं तर कंपनी क्लेम नाकारेल का? बाबांना साखर आहे आणि लघवीसाठी एक गोळी दोन वर्षं चालू आहे.*
*– एक लेक*

नाही, ते सेकंड ओपिनियन नव्हतं. तुम्ही व्हिडिओ सल्ल्याचा लाभ वापरलात. त्या बाजूला बहुतेक वेळा जनरल फिजिशियन बसलेला असतो. ताप, खोकला, पुरळ, संपलेलं औषध, ‘हा रिपोर्ट कुणाला दाखवू?’ अशा कामांसाठी तो नेमलेला असतो. कॅन्सरच्या बायोप्सीवर मत देणं त्याच्या कामात बसत नाही, आणि ‘सर्जन सांगतात तर करा’ यापेक्षा वेगळं काही तो चार मिनिटांत प्रामाणिकपणे सांगूही शकला नसता. चांगली गोष्ट अशी की वर्षातली तुमची ती एकुलती एक संधी अजून शिल्लक असणार. खात्रीसाठी अ‍ॅपमध्ये त्या सल्ल्याची नोंद कोणत्या नावाने झाली आहे तेवढं बघून घ्या.

मी बरीच वर्षं विम्याच्या वैद्यकीय विभागात फायली वाचण्याचं काम केलं. सेकंड ओपिनियनच्या अर्जात लोकांची एकच चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली. पहिल्या डॉक्टरांनी ज्या कागदावर भरवसा ठेवला, तोच टाइप केलेला कागद ते दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात. त्यावर ‘ग्लीसन ३+४’ लिहिलेलं असेल तर दुसरा डॉक्टर तेच खरं धरून पुढचा विचार करतो. मग दोघांचं मत जुळतं आणि घरच्यांना वाटतं, चला, खात्री झाली. खरं तर दोघांनी मिळून तिसऱ्याच माणसाचं एक वाक्य वाचलेलं असतं. तो तिसरा माणूस म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, ज्याने सूक्ष्मदर्शकाखाली बाबांच्या पेशी प्रत्यक्ष पाहिल्या.

तुमच्या बाबतीत सगळा निर्णय त्या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते नीट समजून घेऊ. ग्लीसनमध्ये कॅन्सरच्या ग्रंथींची रचना किती बिघडली आहे याला आकडा देतात. ३ म्हणजे ग्रंथी लहान, पण सुट्या आणि ओळखता येण्यासारख्या. ४ म्हणजे त्या एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट घडलेल्या किंवा चाळणीसारखी भोकं पडलेल्या. सर्वांत जास्त दिसणारा आकडा आधी लिहितात, मग दुसरा. ३+३ असेल तर बरेचदा लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक तपासण्या करत लक्ष ठेवण्याचा मार्ग सुचवतात. ३+४ झालं की गट एकाने वर सरकतो आणि बोलणं शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनकडे वळतं. पण ३ आणि ४ यांची सीमा रेघ मारल्यासारखी स्पष्ट नसते. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडवर वेगळं मत देऊ शकतात, आणि असं मतांतर नेमकं याच सीमेवर बरंच दिसतं.

माझ्या हातून गेलेली एक फाइल सांगते. गृहस्थ ६३ वर्षांचे, बारा तुकड्यांपैकी दोन पॉझिटिव्ह, अहवाल ३+४, म्हणजे जवळजवळ तुमच्या बाबांसारखंच. मुलाने पॉलिसीतून सेकंड ओपिनियन मागितलं आणि फक्त तीन पानांचा अहवाल चढवला. सहा दिवसांत उत्तर आलं: शस्त्रक्रियेशी सहमत. घरात थोडी हळहळ झाली आणि तारीख ठरली. तेवढ्यात नात्यातल्या कुणा डॉक्टरने विचारलं, ‘स्लाइड कुणी परत पाहिल्या का?’ कुणीच पाहिल्या नव्हत्या. मग स्वतःच्या खर्चाने त्या प्रोस्टेटचंच काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवल्या. त्यांना संशय आला तो एका जुन्या, ओळखीच्या फसगतीचा. बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवतात त्यातून पातळ काप काढताना पातं ग्रंथीच्या कडेवरून तिरकं गेलं, तर ३ ची सुटी ग्रंथीसुद्धा अर्धवट, विस्कटलेली दिसते आणि ४ सारखी भासते. त्यांनी त्याच ठोकळ्यातून आणखी खोलवरचे काप मागवले. त्या कापांत ग्रंथी नीट गोल निघाल्या. अंतिम नोंद ३+३ झाली. ही नोंद पाहून त्याच सर्जनने शस्त्रक्रिया पुढे ढकलली आणि सहा महिन्यांनी पीएसए करायला सांगितला.

तुमच्याकडेही असंच निघेल, असं मी अजिबात म्हणत नाही. उलटही होतं. दुसऱ्या वाचनात ४ चं प्रमाण वाढलेलं निघतं किंवा चाळणीसारखी रचना सापडते, आणि ती सापडली तर वाट पाहण्याचा मार्ग बंद होऊ शकतो. दोन्ही बाजूंनी उपयोग एकच: तुम्ही ज्या आकड्यावर निर्णय घेताय तो आकडा तपासलेला असतो.

आता प्रत्यक्ष काम. अर्ज भरण्याआधी सेकंड ओपिनियनच्या विभागाला ईमेल करा, फोन नको, कारण उत्तर लेखी हवं. विचारा: तुम्ही मूळ स्लाइड आणि ठोकळे स्वीकारता की फक्त अहवाल? मत देणारा डॉक्टर कोणत्या विषयाचा असेल? मत आल्यावर एकदा पूरक प्रश्न विचारता येतो का? बाबांचा आजार तुमच्या यादीत आहे का आणि ते या लाभाला पात्र आहेत का? शेवटचा प्रश्न गौण वाटेल, पण अनेक पॉलिसींत हा लाभ ठरावीक गंभीर आजारांपुरताच असतो आणि काहींत उपचार सुरू होण्याआधीच मागावा लागतो. पॉलिसीच्या पुस्तकात तो मुख्य संरक्षणाच्या पानांवर शोधू नका. बहुधा मागे, मूल्यवर्धित किंवा अतिरिक्त सेवांच्या भागात असतो, आणि त्याच्या अटी तिथेच बारीक अक्षरांत असतात.

‘फक्त अहवाल’ असं उत्तर आलं, आणि ते बरेचदा येतं, तर लाभ लगेच वापरू नका. आधी स्लाइडचं दुसरं वाचन स्वतः करून घ्या. शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा खर्च फार लहान असतो. त्या वाचनाचा अहवाल हातात आला की जुना आणि नवा असे दोन्ही अहवाल जोडून पॉलिसीतलं सेकंड ओपिनियन मागा. म्हणजे वर्षातली एकच संधी पूर्ण माहितीवर खर्च होते.

स्लाइड मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. बायोप्सी जिथे तपासली त्या लॅबला रुग्णाच्या सहीचं पत्र द्या आणि ‘दुसऱ्या मतासाठी स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक’ असं स्पष्ट लिहा. ब्लॉक म्हणजे तेच मेणाचे ठोकळे. काही ठिकाणी ब्लॉक देत नाहीत, पण त्यातून नवे काप काढून देतात. तेही चालतं. दोन पॉझिटिव्ह तुकड्यांच्याच नव्हे, सगळ्या बारा तुकड्यांच्या स्लाइड मागा, कारण आधी ‘काही नाही’ म्हटलेल्या तुकड्यातही कधी काही निघतं. एमआरआयची सीडी किंवा लिंक घ्या, ज्यात डायकॉम स्वरूपातल्या मूळ प्रतिमा असतात. काळ्या फिल्मचा खिडकीला धरून मोबाइलवर काढलेला फोटो रेडिओलॉजिस्टच्या काही उपयोगाचा नाही. पोर्टलवर फाइल मोठी पडते म्हणून लोक शेवटी तोच फोटो चढवतात. तसं करू नका, सीडी पाठवण्याची सोय विचारा.

आता ती लघवीची गोळी. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात, पण मला सगळ्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची वाटली. पाकीट बघून औषधाचं मूळ नाव वाचा. नुसतं टॅम्सुलोसिन असेल तर काही बिघडत नाही. ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असेल, एकट्याने किंवा टॅम्सुलोसिनसोबत एकाच कॅप्सूलमध्ये, तर गोष्ट बदलते. ही औषधं वाढलेली प्रोस्टेट आकसवतात आणि सहा महिने ते वर्षभरात पीएसए साधारण निम्म्यावर आणतात. म्हणजे दोन वर्षं ही गोळी घेणाऱ्या माणसाचा ६.८ हा आकडा वाचताना दुपटीने, १३.६ च्या आसपास धरावा लागतो. पीएसए १० च्या खाली की वर, यावरसुद्धा धोक्याचा गट ठरतो. शिवाय डॉक्टर पीएसएला प्रोस्टेटच्या आकारमानाने भागून घनता काढतात. समजा एमआरआयमध्ये आकारमान ५२ मिलीलीटर आहे. ६.८ ला ५२ ने भागलं तर ०.१३ येतं आणि १३.६ ला भागलं तर ०.२६. लक्ष ठेवण्याच्या मार्गासाठी साधारण ०.१५ ही वरची रेघ मानतात. एकाच माणसाचे दोन आकडे, एक रेघेच्या खाली आणि एक बराच वर, आणि फरक फक्त औषधांच्या यादीत एक ओळ होती की नव्हती याचा. (केस गळतीसाठी कमी मात्रेत घेतलेल्या फिनास्टेराइडनेही पीएसए उतरतो. तेही यादीत लिहायचं असतं, पण कुणी लिहीत नाही.)

म्हणून अर्जासोबत एक पान जोडा. गोळीचं मूळ नाव, मात्रा आणि कधीपासून. साखरेचं निदान कोणत्या वर्षी, सध्या कोणतं औषध, शेवटचा एचबीए१सी किती. आधीचे पीएसए मिळतील तेवढे, तारखांसह. लघवीचा त्रास किती आहे, रात्री किती वेळा उठावं लागतं. आणि एक गोष्ट बाबांनाच विचारा, तुम्ही ठरवू नका: लघवीवरचा ताबा सुटणं किंवा लैंगिक क्षमता जाणं यातलं त्यांना काय किती सलेल? लेकीने विचारणं अवघड आहे, माहीत आहे. आईने किंवा भावाने विचारावं, किंवा डॉक्टरांनीच विचारावं म्हणून बाबांना व्हिडिओवर एकटं बसू द्या. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांचे दुष्परिणाम वेगळे असतात, म्हणून हे उत्तर वैद्यकीय निर्णयातच मोजलं जातं.

मग प्रश्न. ‘ऑपरेशन करावं का?’ असं विचारलंत तर ‘उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा करून ठरवावे’ असं गुळगुळीत उत्तर येईल. दूर बसलेला डॉक्टर त्याहून पुढे जायला कचरतो, आणि त्याचंही बरोबर आहे. असं विचारा: या स्लाइडमध्ये पॅटर्न ४ किती टक्के आहे आणि चाळणीसारखी, म्हणजे क्रिब्रिफॉर्म, रचना आहे का? औषधाचा परिणाम धरून बाबा धोक्याच्या कोणत्या गटात येतात? लक्ष ठेवण्याचा मार्ग त्यांना लागू आहे का, आणि नसेल तर नेमक्या कोणत्या कारणाने? तो लागू नसेल तर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांत त्यांच्या प्रकृतीला काय जास्त सोसेल? अशा प्रश्नांना टाळाटाळीचं उत्तर देणं अवघड जातं.

शक्य असेल तर मत देणारा डॉक्टर दुसरा सर्जन नसून रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट असावा अशी विनंती करा. सर्जन वाईट असतात म्हणून हे सांगत नाही. प्रत्येकाला आपल्या हातातलं अवजार जवळचं वाटतं, इतकंच.

‘तीन आठवडे’ या शब्दांनी घाबरून तुम्ही हे सगळं सोडून द्याल, अशी मला भीती वाटते. बायोप्सीनंतर प्रोस्टेटभोवतीची सूज उतरावी म्हणून शस्त्रक्रियेआधी काही आठवडे थांबण्याची पद्धत तशीही आहे. स्लाइड जाऊन, वाचून, मत यायला दोनेक आठवडे लागतात. या गटातला कॅन्सर तेवढ्यात हातातून निसटत नाही. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासात १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं: लक्ष ठेवणं, शस्त्रक्रिया, रेडिएशन. २०२३ मध्ये १५ वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरने गेलेले एकूण सुमारे ३ टक्क्यांच्या आत होते आणि तिन्ही गटांत त्यात लक्षणीय फरक नव्हता. मात्र कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात जवळपास दुप्पट होतं, ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे थांबणं फुकट नाही, त्याचीही किंमत आहे. पण ती किंमत वर्षांच्या हिशेबात मोजायची आहे, पंधरा दिवसांच्या नाही. अहवालात ग्लीसनच्या दोन आकड्यांची बेरीज ८, ९ किंवा १० असती तर मी इतक्या निवांत लिहिलं नसतं. आणि छातीत कळ, अर्धांगवायूची लक्षणं, पोटातली फुटलेली गाठ अशा वेळी सेकंड ओपिनियन हा शब्दही काढू नये, थेट रुग्णालय गाठावं.

क्लेमचं विचारलंत. सेकंड ओपिनियन ही माहितीची सेवा असते आणि पूर्वमंजुरी ही वेगळी खिडकी. दुसऱ्या डॉक्टरने ‘हो’ म्हटलं म्हणजे खर्च मंजूर झाला असं होत नाही, आणि ‘नको’ म्हटलं म्हणजे आपोआप नामंजूरही होत नाही. क्लेम पाहणारे लोक उपचार करणाऱ्या डॉक्टरांची कागदपत्रं आणि पॉलिसीच्या अटी पाहतात. तरीही ईमेलमध्ये एक ओळ वाढवा: हे मत क्लेम विभागाला दिलं जातं का? संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यातला माहिती कुणाला देणार हा परिच्छेद वाचा.

खरी ठेच लागते ती वेगळ्या ठिकाणी. व्हिडिओवर डॉक्टर विचारतात, ‘साखर कधीपासून?’ आणि बाबा म्हणतात, ‘अहो, खूप वर्षं झाली.’ समोरचा टाइप करतो ‘दहा वर्षांपासून मधुमेह’. पॉलिसी घेताना अर्जात निदानाचं वर्ष वेगळं असेल तर पुढे क्लेमच्या वेळी त्या एका ओळीवरून पत्रव्यवहार सुरू होतो. लपवाछपवीचा सल्ला मी देत नाही. लपवलं तर क्लेमच जाऊ शकतो, आणि जायलाही हवा. फक्त अंदाजे बोलू नका. कागदावरून पाहून नेमकं वर्ष सांगा. सल्ला संपला की त्याचा सारांश त्याच दिवशी उतरवून घेऊन वाचा, आणि चुकीचं काही असेल तर लगेच लेखी दुरुस्ती मागा. लघवीचा त्रास कधी सुरू झाला, या तारखेलाही हेच लागू.

व्हिडिओ सल्ला मग फेकून द्यायचा का? मुळीच नाही, तो कितीही वेळा आहे तर वापरा, पण त्याच्या मापात. अहवालातले शब्द समजून घ्यायला, वरचं पान तयार करायला, गोळीचं मूळ नाव ओळखायला त्याच फिजिशियनची मदत घ्या. लक्ष ठेवण्याचं ठरलं तर दर काही महिन्यांनी येणारा पीएसए आधी त्यांना दाखवा. पण गुदद्वारातून बोटाने करायची प्रोस्टेटची तपासणी पडद्यावरून होत नाही, ती वगळून केवळ व्हिडिओवर लक्ष ठेवणं चालणार नाही. आणि बायोप्सीनंतरच्या दिवसांत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर अ‍ॅप उघडायचं नाही. त्या तापामागे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असू शकतो आणि तिथे तास मोजावे लागतात. साखर असलेल्या माणसात तर जास्तच. बाबांची बायोप्सी होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून हे सांगून ठेवते.

दोन मतं वेगळी आली तर तिसरं मत मागून बहुमत काढू नका. दोन्ही कागद पहिल्या सर्जनसमोर ठेवा आणि विचारा, ‘तुम्ही आणि ते नेमके कुठे वेगळे पडता?’ फरक ग्रेडचा असेल तर वाद स्लाइडचा आहे, आणि तो दोन पॅथॉलॉजिस्टनी एकमेकांशी बोलून सोडवावा. ग्रेड एकच आणि सल्ला वेगळा असेल तर वाद बाबांच्या पसंतीचा आहे, आणि तो बाबांनी सोडवावा. रुग्णालयात वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एकत्र बसून केसवर चर्चा करतात ती ट्यूमर बोर्डाची बैठक होत असेल तर बाबांची फाइल तिथे ठेवायला सांगा.

स्लाइड परत आल्या की त्या लॅबमध्ये जमा करून पावती घ्या, घरातल्या कपाटात ठेवू नका. शस्त्रक्रिया झालीच तर काढलेल्या प्रोस्टेटची तपासणी करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला त्या पुन्हा लागू शकतात.